गच्चीवरचं पाणी स्विचबोर्डापर्यंत कसं पोचतं: नव्या घराच्या देखभालीचं टिपण

"सर, पाडव्याला वास्तुशांत झाली, आता आम्ही राहायलाही आलोय. तुम्ही दिलेली फाइल जाड आहे, पण घरात कुणाला त्यातलं फारसं कळत नाही. मी महिन्यातले पंधरा दिवस पुण्यात असतो, घरी आई-बाबाच असतात. गच्चीपासून वायरिंगपर्यंत नेमकं काय आणि कधी बघायचं, ते साध्या भाषेत एकदा लिहून द्याल का?"

फाइल कपाटात जपून ठेवा, ती मिस्त्री आणि वायरमनच्या कामाची आहे. बाबांसाठी हे टिपण पुरेल. यात मी गच्ची आणि वायरिंग वेगवेगळं लिहिलेलं नाही, कारण तुमच्या घरात या दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या आहेत.

स्लॅब टाकला त्या दिवशी तुम्ही साइटवर होतात. काँक्रीट ओतण्याआधी सळ्यांच्या जाळीवर पांढरे पाइप बांधलेले तुम्ही पाहिले असतील. पाऊण-एक इंचाचे ते पाइप प्रत्येक पंख्याच्या बॉक्समधून निघून भिंतीत उतरतात आणि स्विचबोर्डाला मिळतात. घरातली निम्मी वायरिंग अशी स्लॅबच्या पोटातून गेलेली आहे. पाइप कोरडा असेपर्यंत काही प्रश्न नाही. पण वरून पाण्याला वाट मिळाली आणि ते या पाइपापर्यंत पोचलं, तर त्याला पुढे काँक्रीटमधून झिरपत बसावं लागत नाही. तयार नळीतून ते उताराच्या दिशेनं थेट चालू लागतं आणि पंख्याच्या वाटीतून किंवा स्विचबोर्डातून बाहेर येतं. म्हणून पाणी दिसतं ती जागा आणि पाणी शिरतं ती जागा, यात बऱ्याचदा दहा-पंधरा फुटांचं अंतर असतं.

हे नीट समजावं म्हणून नागपूरच्या बेसा भागात मीच बांधलेल्या एका घराची गोष्ट सांगतो. ताबा देऊन दोन वर्षं झाली होती. जुलैत त्यांचा फोन आला, मागच्या बेडरूमचा पंखा लावला की घरभर लाइट जाते. पंखा बंद ठेवला तर सगळं सुरळीत. त्यांच्या वायरमननं पंखा बिघडलाय असं सांगून नवा बसवला. दोन दिवस बरे गेले, कारण पाऊस नव्हता. मग झड लागली आणि नव्या पंख्यालाही तेच. तेव्हा त्यानं आरसीसीबीच, म्हणजे वीज जमिनीकडे गळली की लाइट तोडणारा डीबीतला मोठा खटकाच, खराब आहे असं ठरवलं आणि ती बाजूला काढून वायर सरळ जोडून दिली. लाइट जाणं थांबलं. घरातल्यांना वाटलं, सुटलो एकदाचे.

मी पोचलो तेव्हा पंख्याच्या वाटीच्या कडेला छताच्या रंगावर नाण्याएवढा तपकिरी डाग होता. वाटी खाली सरकवली तर आतल्या बॉक्समध्ये चमचाभर गढूळ पाणी, आणि त्याच पाण्यात टेप गुंडाळलेला वायरचा जोड. वायरचं आवरण पाण्याला सहसा दाद देत नाही, पाणी घात करतं ते जोडापाशी. पंखा लावला की त्या जोडात वीज यायची आणि ओलाव्यातून थोडी थोडी अर्थिंगकडे गळायची. आरसीसीबी ती गळती ओळखून बरोबर बंद होत होती. म्हणजे घरातलं एकच उपकरण खरं सांगत होतं आणि तेच काढून टाकलेलं होतं. मी आधी ती परत बसवून घेतली, मग त्या खोलीचं सर्किट सोडवून मेगर, म्हणजे वायरच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र, लावला. वायर आणि अर्थिंग यांच्यामध्ये किमान १ मेगाओहम तरी रोध हवा, चांगल्या कोरड्या वायरिंगला तो शंभराच्याही वर मिळतो. इथे काटा जवळजवळ शून्यावर होता.

आता पाणी कुठून येतंय ते शोधायचं होतं. पंख्याच्या बरोबर वर गच्ची ठणठणीत होती, एक बारीक भेगही नाही. पावसानं उघडीप दिल्यावर आम्ही तिथे मातीचं तीन फुटांचं आळं केलं, दोन इंच पाणी भरलं आणि रात्रभर ठेवलं. खाली काही आलं नाही. मग घर बांधताना काढलेले स्लॅबचे फोटो मोबाइलवर उघडले. त्या पंख्याचा पाइप तिरका जाऊन गच्चीच्या पुढच्या कडेजवळून गेलेला दिसला. त्याच रेषेवर सोलर वॉटर हीटरचा लोखंडी स्टँड उभा होता. तो ताब्यानंतर बसवलेला, आणि चार पायांना चार बोल्ट. स्टँडभोवती दुसरं आळं केलं, पाणी भरलं आणि चार तासांत पंख्याच्या बॉक्समधून थेंब सुटला. अंतर मोजलं, चौदा फूट भरलं.

झालं होतं असं की बोल्टसाठी पाच इंच खोल भोक पाडलेलं. पाणी जाण्याच्या तोंडाजवळ कोबा, म्हणजे स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा थर, जेमतेम अडीच इंच असतो. उरलेलं अडीच इंच ड्रिल स्लॅबमध्ये गेलं आणि त्यातल्या एका भोकानं पाइपालाच छेद दिला. बोल्ट घट्ट होता, वरून सिलिकॉनही फासलेलं होतं, पण एका उन्हाळ्यात ते सुकून सुटलं. बोल्ट काढून भोकं न आकसणाऱ्या ग्राउटनं भरली. पण छेदलेला पाइप परत भरवशाचा होणार नव्हता. त्यातली वायर ओढून काढली, पाइप दोन्ही टोकांनी बंद केला आणि पंख्यापर्यंत नवी वायर छतावरून पट्टीत नेली. सुंदर घराच्या छतावर ती पांढरी पट्टी आजही दिसते आणि मला ती प्रत्येक वेळी टोचते.

तुमच्या गच्चीबद्दल मी जे सांगणार आहे ते या एका अनुभवातून आलेलं आहे.

तुमचा स्लॅब पाच इंचांचा आहे. त्याच्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि सगळ्यात वर पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक. कोबा मागच्या बाजूला सुमारे सहा इंच आणि पुढे पावसाचं पाणी जाण्याच्या तोंडांजवळ अडीच इंच आहे, म्हणजे तीस फुटांत साडेतीन इंचांचा उतार. पाणी अडवण्याचं काम हा सगळा थर मिळून करतो. मोझॅक ही त्याची फक्त वरची कातडी आहे. पण कातडीला भोक पडलं की खालचा विटांचा थर स्पंजासारखा पाणी पितो आणि पाऊस थांबल्यावरही दोन-तीन दिवस ते हळूहळू सोडत राहतो.

म्हणून पहिला नियम, आणि या टिपणातला सगळ्यात कडक नियम: गच्चीच्या जमिनीत ड्रिल लागू द्यायचं नाही. डिशची छत्री असो, कपडे वाळवायच्या दोरीचे खांब असोत, मांडवाच्या बल्ल्या असोत, कशासाठीच नाही. तुम्ही पुढे सोलर पॅनल लावणार म्हणालात, त्यासाठी टाकीच्या मागे काँक्रीटचे सहा ठोकळे स्लॅबबरोबरच ओतून ठेवलेत आणि त्यांच्या बुडाशी कोबा व्यवस्थित वळवून घेतलाय. स्टँडचे बोल्ट फक्त त्या ठोकळ्यांत जातील, तेही वरच्या चार इंचांत. पॅनलवाला म्हणेल की त्याच्या स्टँडचं माप वेगळं आहे. मग त्याला स्टँड बदलायला सांगा, ठोकळे सोडून जागा देऊ नका. आणि नुसत्या विटा किंवा वाळूच्या गोण्या ठेवून स्टँड दाबायला तयार झाला तर तेही नको. भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, ताशी जवळपास १५८ किलोमीटर. पॅनल म्हणजे वाऱ्यापुढे धरलेलं पत्र्याचं पानच, त्याला तसा जोर पेलणारा आधार लागतो.

दुसरी कमकुवत जागा कठड्याच्या पायाशी आहे. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तिथे सिमेंटचा गोलसर वळण दिलेला भाग आहे, मिस्त्री त्याला गोला म्हणतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि उघड्या काँक्रीटचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी जास्त तापतो. पहाटे तोच गार होतो. तीस फुटांचा स्लॅब तीस अंशांच्या फरकानं अडीच-तीन मिलिमीटर लांबतो-आखडतो. दिसायला हे काहीच नाही, पण रोजच्या रोज होतं, आणि कठडा तेवढा तापत नसल्यामुळे त्याच्यासोबत सरकत नाही. ताण येतो तो गोल्यावर. त्यात एप्रिल-मेमधला अवकाळी पाऊस तापलेल्या गच्चीवर कोसळला की पृष्ठभाग एकदम आखडतो. नव्या घरात पहिल्या दोन उन्हाळ्यांत गोल्याला भेग पडली तर तुम्ही काही चुकलात असं नाही, ती पडू शकते. फक्त पावसाआधी दिसायला हवी.

बाबांना एवढंच सांगा: मेच्या अखेरीस एका सकाळी, ऊन चढायच्या आत, कठड्याच्या कडेकडेनं एक फेरी मारायची. मोझॅकवर केसासारख्या जाळीदार रेघा असतात, त्यांची चिंता नको, त्या सिमेंट सुकताना पडतात आणि वरच्यावरच राहतात. गोल्यावर सरळ लांब रेघ दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहायची. भेगेत एटीएम कार्डाची कड शिरत असेल, किंवा पुढच्या फेरीत रेघ खुणेच्या पुढे गेली असेल, तर मला फोटो पाठवा. त्याच फेरीत मोझॅकवर काठीनं टकटक करायची. भरीव जागी आवाज बद्द येतो, सुटलेल्या जागी पोकळ येतो. पोकळ जागा तळहाताहून मोठी असेल तर ती उचकटून परत बसवावी लागते.

तिसरी जागा पाण्याची दोन तोंडं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस म्हणजे सुमारे २,३५० लिटर पाणी, आणि आपल्याकडे जुलैत असा पाऊस तासाभरातही होतो. दोन्ही तोंडं उघडी असतील तर पाणी थांबत नाही. जाळीवर कडुलिंबाचा पाला साचला, किंवा संक्रांतीनंतर कठड्यावरून लोंबणारा मांजा आणि पतंगांचे कागद त्यात अडकले, तर गच्चीचा हौद होतो. स्लॅब त्या वजनाला पुरून उरेल, चार इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला शंभर किलो आणि स्लॅब त्याहून जास्त भारासाठी बांधलाय. अडचण वजनाची नाही. साचलेलं पाणी गोल्याच्या वर कठड्याच्या प्लास्टरला लागतं, आणि तिथे कोबा नाही. मृग लागायच्या आधी एकदा आणि नंतर दर पंधरा दिवसांनी जाळी काढून हात घालून साफ करायची. फेब्रुवारीत मांजा काढायलाही एक फेरी ठेवा, पाखरांचे पाय त्यात अडकतात.

गच्ची धुताना ॲसिड वापरू नका. ॲसिडनं तुकडे चकचकतात, पण सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं. साबणाचं पाणी आणि खराटा पुरतो. आई उन्हाळ्यात तिथे सरगुंडे, पापड घालतील, त्याला काही हरकत नाही, चादरीखाली जागा कोरडी हवी एवढंच.

आता कूलर. नागपुरात एप्रिल ते जूनपर्यंत घरात सगळ्यात जास्त पाणी आणि वीज एकत्र येतात ती कूलरमध्ये, म्हणून याच्यावर थोडं जास्त लिहितो.

तुमचा मोठा कूलर मागच्या खिडकीत स्टँडवर आहे. त्याच्या टाकीतून सांडणारं पाणी खिडकीच्या कडेवरून भिंतीत उतरलं तर खालच्या प्लगच्या बॉक्समध्ये शिरतं. खिडकीच्या कडेला बाहेरच्या बाजूनं उतार दिलाय आणि खाली पाणी तोडणारी खाच आहे. कूलर ढकलून ती खाच झाकली जाणार नाही हे बघा, आणि कूलरची नळी पाइपाच्या तोंडापर्यंत न्या. भिंतीवर सोडलेली नळी म्हणजे रोजचा पाऊस. मे महिन्यात घरात कुठेही ओल दिसली, तर गच्चीवर शंका घेऊ नका. पाऊस नसताना आलेली ओल कूलरची, टाकीची किंवा नळाच्या पाइपाची असते. फक्त पावसानंतर येते आणि उघडिपीत सुकते ती गच्चीची किंवा भिंतीची. हा एवढा फरक फोनवर सांगितलात तरी माझं अर्धं काम होतं.

कूलरचा पत्रा ओला, फरशी ओली, माणूस अनवाणी, आणि आत पंपाची वायर पाण्यात. विदर्भात कूलरच्या शॉकची बातमी दर उन्हाळ्यात येते ती यामुळे. तुमच्याकडे कूलरसाठी तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंगची वायर आहे. पंप जुना झाला, त्यातून गळती सुरू झाली की आरसीसीबी पडेल. अशा वेळी बहुतेक ठिकाणी एक उपाय सर्रास केला जातो, प्लगची वरची मोठी पिन काढून टाकायची किंवा दोन पिनांचा प्लग लावायचा. मग आरसीसीबी पडत नाही. पण गळती थांबलेली नसते, फक्त तिचा अर्थिंगकडे जाण्याचा रस्ता बंद झालेला असतो. पत्र्यात वीज उभी राहते आणि पहिला हात लावणाऱ्या माणसाच्या अंगातून ती जमिनीकडे जाते. असं कधीही, एका रात्रीपुरतंही करू देऊ नका. त्या रात्री कूलर बंद ठेवायचा आणि सकाळी पंप बदलायचा. पाणी भरताना बटण बंद करणं पुरत नाही, प्लग काढूनच भरायचं. आईंना हे तुम्ही स्वतः समोर उभं राहून दाखवा, वाचून दाखवू नका.

अर्थिंगबद्दलही एक गोष्ट आपल्या मातीची आहे. तुमच्या प्लॉटवर वरचा थर काळ्या मातीचा आहे. पावसात ही माती फुगते आणि उन्हाळ्यात आखडून तिला भेगा पडतात. अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती सुकून सुटली की अर्थिंग कमजोर होतं, आणि ते नेमकं कूलरच्या महिन्यांत. मागच्या अंगणात लोखंडी झाकणाचा एक चौकोनी खड्डा आहे. मार्च ते जून, आठवड्याला एक बादली पाणी त्यात ओतायचं. खड्डा भिंतीपासून पाच फुटांवर मुद्दाम ठेवलाय, त्यामुळे ते पाणी पायाला लागत नाही. भिंतीलगत मात्र बाग करू नका, तुळशीच्या कुंड्या ठेवा हवं तर. घराभोवती जी तीन फुटांची काँक्रीटची पट्टी आहे ती काळ्या मातीतलं पाणी पायापासून लांब ठेवण्यासाठी आहे, ती फोडून झाडं लावायची नाहीत.

आता डीबी, म्हणजे जिन्याखालची ती पांढरी पेटी. तिच्यात डावीकडे मोठी आरसीसीबी आणि पुढे ओळीनं एमसीबी आहेत, प्रत्येकीवर मराठीत खोलीचं नाव चिकटवलंय. एमसीबी पडली तर त्या सर्किटवर भार जास्त झाला किंवा शॉर्ट झालं. आरसीसीबी पडली तर वीज कुठेतरी जमिनीकडे गळतेय. ही ३० मिलिअँपिअरची आहे, एवढी गळती झाली की ती क्षणाच्या आत बंद होते. तिच्यावर एक छोटं टेस्टचं बटण आहे. महिन्यातून एकदा ते दाबायचं, लाइट गेली पाहिजे, मग खटका वर करायचा. वीजबिल भरायच्या दिवशी दाबायची सवय लावली तर विसरत नाही. बटण दाबून लाइट गेली नाही तर ती आरसीसीबी त्याच आठवड्यात बदलायची. तिची एक मर्यादाही लक्षात ठेवा: एका हातानं फेज आणि दुसऱ्या हातानं न्यूट्रल धरला तर तिला काही कळत नाही, कारण जमिनीकडे काही गळतच नाही. ती आहे म्हणून उघड्या वायरला हात लावायचा नाही.

पावसात आरसीसीबी पडली आणि वर राहत नसेल, तर बाबांनी असं करायचं. हात कोरडे, पायात चप्पल. सगळ्या एमसीबी खाली करायच्या, आरसीसीबी वर करायची आणि मग एक एक एमसीबी वर करत जायची. ज्या खोलीच्या एमसीबीला ती पडेल, ती एमसीबी खाली ठेवायची आणि बाकी घर चालू करायचं. त्या खोलीत रात्र मेणबत्तीवर गेली तरी चालेल. सगळ्या एमसीबी खाली असूनही आरसीसीबी टिकत नसेल तर दोष न्यूट्रलच्या वायरमध्ये आहे, कारण आपल्या एमसीबी फक्त फेज तोडतात. ते शोधणं वायरमनचं काम, तिथून पुढे बाबांनी पेटीला हात लावायचा नाही. इन्व्हर्टर लावून घेतल्याबरोबर हा त्रास सुरू झाला, तर बहुतेक इन्व्हर्टरवाल्यानं दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र केलेले असतात, त्यालाच परत बोलवा.

पहिला जोराचा पाऊस पडून गेला की त्याच संध्याकाळी टॉर्च घेऊन प्रत्येक खोलीत वर बघायचं. पंख्याच्या वाटीभोवती तपकिरी कडा दिसतेय का, स्विचबोर्डाच्या स्क्रूवर हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी पूड आलीय का, बोर्डाखाली भिंतीवर ओघळ आहे का. यातलं काही दिसलं तर त्या खोलीची एमसीबी खाली करून मला फोन करा. नुसतं पंख्याचं बटण बंद करून भागत नाही, बोर्डात वीज तशीच असते.

अशा वेळी शेजारपाजारचे लोक लगेच वॉटरप्रूफिंगचा डबा आणून फासायला सांगतील. पावसाळ्यात ते करू नका. ओल्या कोब्यावर मारलेला रंग दोन उन्हं पडली की फुगून पापुद्र्यासारखा निघतो, कारण खालची वाफ त्याला ढकलते. त्यातून दोन नुकसानं: पैसे जातात, आणि भेग झाकली जाते म्हणून नंतर सापडत नाही. पावसात संशयाच्या जागेवर ताडपत्री टाकून कडेला विटा ठेवायच्या, बस. खरी दुरुस्ती दसऱ्यानंतर, कोबा पुरता सुकल्यावर, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत. मेमध्ये भेग दिसली तर ती मात्र थांबवून ठेवता येत नाही, पाऊस तोंडावर असतो. मग ते काम पहाटे करायचं आणि लगेच ओलं गोणपाट टाकून सात दिवस झाकून ठेवायचं. दुपारच्या उन्हात भरलेलं सिमेंट तासाभरात कोरडं होतं आणि महिन्याभरात परत सुटतं. मिस्त्री दुपारी दोनला येतो म्हणाला तर दुसऱ्या दिवशी पहाटे बोलवा.

एसीबद्दल एकच. दीड टनाचा एसी तासभर चालल्यावर त्याच्या प्लगच्या प्लास्टिकला हात लावून बघायचा. कोमट चालतो. चटका बसण्याइतका गरम असेल किंवा जळका वास येत असेल तर आतला स्क्रू सैल झालाय. वर्षातून एकदा, एसी-कूलर सुरू व्हायच्या आधी मार्चमध्ये, वायरमनकडून डीबीचे आणि मोठ्या प्लगांचे सगळे स्क्रू आवळून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला मी एक प्लास्टिकचं पाकीट चिकटवलंय. त्यात स्लॅब टाकण्याआधीचे सोळा फोटो छापून ठेवलेत, प्रत्येकावर खोलीचं नाव आणि भिंतीपासून पाइपाचं अंतर लिहिलंय. ताब्याच्या दिवशी घेतलेली मेगरची मापंही एका कागदावर आहेत, सर्किटवार. तेच फोटो तुमच्या मोबाइलवरही पाठवतो. कुणीही घरात किंवा गच्चीवर काहीही ठोकायला आला की आधी हे फोटो त्याच्यासमोर ठेवायचे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, ७ तारखेच्या आधी, मी मेगर घेऊन येतो. गच्चीची पहिली फेरी बाबांसोबतच मारू, म्हणजे काठीचा भरीव आणि पोकळ आवाज त्यांच्या कानात बसेल. त्या दिवशी तुम्ही नागपुरात असाल असं बघा, सोलरच्या ठोकळ्यांची मापं तुमच्यासमोर घ्यायची आहेत.